आहेराचा आकडा वहीत, आभार पत्रात

पैठण रस्त्यावरच्या चितेगावात लग्न असले की मांडवाच्या तोंडाशी एक टेबल मांडलेले असते. त्यावर वही, पेन, पाकिटे टाकायला कापडी पिशवी, आणि खुर्चीवर घरातला असा माणूस, ज्याला बहुतेक पाहुणेमंडळी चेहऱ्याने ओळखू येतात. बहुधा नवरदेवाचा चुलता, नाहीतर दाजी. वहीच्या पहिल्या पानावर गणपतीचे नाव आणि हळदकुंकवाची बोटे. पुढच्या पानांवर उभ्या रेघा मारलेल्या असतात: नाव, गाव, रोख, वस्तू. पाहुणा पाकीट पुढे करतो, चुलता ते उघडून नोटा मोजतो, वरचा रुपया धरून आकडा लिहितो. ५०१, १,००१, २,१०१. काही मांडवांत तो आकडा माइकवरून पुकारलाही जातो.

लग्न आटोपल्यावर ज्या नातेवाइकाने रोख आहेर केला त्याला आभाराचे चार शब्द लिहायला नवे जोडपे बसते, तेव्हा त्यांना पडणारा पहिला प्रश्न या वहीतूनच आलेला असतो. रक्कम लिहायची की नाही? लिहिली तर पावती फाडल्यासारखे वाटते. नाही लिहिली तर ‘आपण दिलेल्या भेटीबद्दल आभार’ असे एक वाक्य उरते, जे कोणालाही पाठवता येते आणि म्हणून कोणालाच पोहोचत नाही. याचे उत्तर शोधायचे तर आपल्याकडे ती वही काय काम करते हे आधी पाहावे लागते.

वही जपून ठेवली जाते. कपाटात, लॉकरच्या कप्प्यात, मुलांच्या जन्मदाखल्यांच्या शेजारी. पाच वर्षांनी त्या नातेवाइकाच्या घरी लग्न निघाले की ती बाहेर येते. त्यांनी आपल्याला काय केले होते हे पाहून आपला आहेर ठरतो. तेवढाच किंवा थोडा चढता. यात हिशेबीपणा आहे असे शहरातल्या काही जणांना वाटते. मला तसे वाटत नाही. एका घरावर एकाच वेळी पडणारा लग्नाचा खर्च पन्नास घरांनी थोडा थोडा उचलायचा आणि पुढे ज्याच्या त्याच्या पाळीला तो परत करायचा, अशी ती व्यवस्था आहे. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ साली भेटवस्तूंवर जो निबंध लिहिला, त्यात त्याने जगभरच्या समाजांतून तीन बंधने शोधली होती: देणे, स्वीकारणे आणि परत देणे. चितेगावच्या वहीत ही तिन्ही बंधने एका ओळीत बसतात.

म्हणजे आकड्याची नोंद झालेली आहे, ती दोन्ही घरांना माहीत आहे आणि त्याची फेड केव्हा, कशी करायची हेही ठरलेले आहे. आकड्याचे काम तिथे संपते. पत्रात तोच आकडा पुन्हा आला की वाचणाऱ्याच्या मनात वहीच उघडते. आपण दिले ते कमी तर नाही ठरले? धाकट्या जावेने किती केले असेल? पत्र लिहिणाऱ्याच्या मनातही नसलेले प्रश्न त्या एका संख्येमुळे उभे राहतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: आभाराच्या पत्रात रक्कम लिहू नये. नेमकेपणा आणायचा तो रकमेचे पुढे काय झाले यातून आणावा.

पण त्याआधी एक काम आहे आणि ते टाळले की सगळे पत्र चुकीच्या माणसाला जाते. आहेर खरोखर कोणी केला, हे शोधावे लागते. वहीत नाव असते ते बहुतेक वेळा घरच्या कर्त्या पुरुषाचे. मावशीने बचत गटातून काढून पैसे भरले असले तरी ओळीत काकांचे नाव. आजोबांनी आपल्या पेन्शनमधले दिले असले तरी नातवाच्या नावाने. शिवाय बराचसा पैसा वहीत येतच नाही. नवरीच्या ओटीत कोणी पाचशेची नोट सरकवलेली असते, पाया पडताना हातात काही ठेवलेले असते, निरोप घेताना आत्याने रुमालात बांधून दिलेले असते. हल्ली यूपीआयवर आलेलेही असते, आणि तेही पुष्कळदा नवरदेवाच्या नव्हे तर त्याच्या वडिलांच्या मोबाइलवर, कारण पत्रिकेवर नंबर वडिलांचा छापलेला होता.

यासाठी जागरण-गोंधळ आणि सत्यनारायण आटोपला की एका संध्याकाळी नवरा-नवरीने आईवडिलांना सोबत घेऊन वही समोर ठेवून बसावे. आईला विचारावे, कारण हे पैसे कोणाच्या पदरचे हे तिला बरोबर ठाऊक असते. वहीतल्या ओळीशेजारी पेन्सिलीने खऱ्या देणाऱ्याचे नाव लिहावे. ओटीतले आणि हातातले ज्याचे त्याला आठवत असते ते वेगळ्या कागदावर घ्यावे. वहीत ते घालू नये, कारण देणाऱ्याने वही टाळली ती मुद्दाम टाळली. वडिलांच्या मोबाइलवर त्या आठवड्यात जमा झालेल्या रकमा बघाव्यात. नवरीकडच्या वहीसाठीही हेच, मांडव परतणीला माहेरी जाणे होते तेव्हा.

ऑनलाइन आलेल्या पैशांची गोष्ट थोडी निराळी आहे. मांडवात दिलेले पाकीट तुमच्या हाती पडले हे देणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. पुण्याहून किंवा दुबईहून मामाने पाठवलेले पैसे मात्र तुमच्या लक्षात आले की नाही, हे त्याला कळायला मार्ग नसतो. बँकेचा मेसेज पैसे जमा झाल्याचे सांगतो, पण ते कोणी पाहिले का हे सांगत नाही. जुन्या मनीऑर्डरीत ही सोय होती. फॉर्मच्या एका भागावर दोन ओळींचा निरोप लिहायला जागा असे, आणि पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असलेला तुकडा पोस्टामार्फत पाठवणाऱ्याकडे परत येई. तो तुकडा हाती आला की गावाकडे पैसे पोहोचल्याची खात्री पटायची. ती जुनी मनीऑर्डर टपाल खात्याने २०१५ मध्ये बंद केली. आता तो तुकडा आपणच पाठवायचा. पैसे आलेले दिसले त्याच दिवशी मामाला फोन करावा किंवा फक्त त्याच्या नंबरवर लिहावे: ‘मामा, तुम्ही पाठवलेले ११,००० मिळाले. बाबांच्या खात्यात आलेत, मी पाहिले.’ इथे आकडा लिहायलाच हवा, कारण इथे प्रश्न पोहोचण्याचा आहे. आभाराचे पत्र नंतर, सवडीने, वेगळे. एकाच मजकुरात पोचही दिली आणि आभारही मानले की दोन्ही अर्धवट राहतात.

आता पैशांचे काय झाले, हा भाग. इथे नवी जोडपी अडतात, कारण खरे उत्तर पुष्कळदा असे असते की आहेराची सगळी रक्कम वडिलांनी आचारी, मंडप आणि बँडवाल्याला देऊन टाकली. मग पत्रात काय लिहायचे? खोटे लिहू नये. मामीच्या पैशांतून मिक्सर घेतला असे लिहिले आणि मामी दिवाळीत घरी येऊन तो मिक्सर बघायला लागली, तर तो नवरीच्या माहेरहून आला हे शेजारीणच सांगेल. आणि खरे असले तरी ‘तुमच्या पैशांमुळे मंडपवाल्याचे बिल भागले’ हेही लिहू नये. त्यात वडिलांची ओढाताण उघडी पडते, आणि देणाऱ्याला वाटते की आपण अजून द्यायला हवे होते. अशा वेळी पैशांकडे न जाता त्या माणसाच्या येण्याकडे जावे: तो कुठून आला, काय काम अंगावर घेतले, पंगतीत कोणाला आग्रह केला. आणि शक्य असेल तर वडिलांना सांगून रकमेतला एखादा लहान भाग जोडप्याने स्वतःच्या हाताने खर्च करावा. कुलदैवताला जाण्याचे तिकीट, खोलीची अनामत, गॅसची शेगडी, पाणी साठवायची टाकी. म्हणजे लिहायला खरे काहीतरी असते.

एक प्रसंग पुरता पाहू. असे घर मराठवाड्यात कुठेही सापडेल.

नवरदेव चितेगावात राहतो. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे हे गाव बाहेर माहीत झाले, आणि आसपासच्या कारखान्यांच्या आधाराने इतर जिल्ह्यांतली पुष्कळ कुटुंबे इकडे स्थिरावली. त्यांचे नातेवाईक मात्र गावाकडेच राहिले. नवरदेवाची आत्या गेवराईजवळच्या खेड्यात असते. नवरा वारला, मुलगा-सून-नातवंडांत राहते, कापूस वेचणीला अजून जाते. वहीत तिच्या मुलाच्या नावाने १,००१ लिहिलेले आहेत. पण निघताना तिने भाच्याला बाजूला घेतले, रुमालाची गाठ सोडली आणि ५,००१ रुपये त्याच्या मुठीत कोंबले. म्हणाली, “हे वहीत लिहू नको.” त्या पैशांतून जोडप्याने भाड्याच्या खोलीवर पाचशे लिटरची टाकी बसवली. आत्याला वाचता येते थोडेफार, पण जोडाक्षरे अडतात. पत्र आले की नातू मोठ्याने वाचून दाखवतो, आणि तेव्हा मुलगा-सून दोघे घरातच असतात.

नवरदेवाने पहिल्यांदा लिहिले ते असे:

‘आदरणीय आत्या, आमच्या विवाहप्रसंगी आपण दिलेल्या ५,००१ रुपयांच्या भेटीबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत. एवढी मोठी रक्कम देण्याची खरे तर गरज नव्हती. आपल्या परिस्थितीत हे किती अवघड गेले असेल याची आम्हाला जाणीव आहे. ही रक्कम आमच्या संसारात नक्कीच उपयोगी पडेल. आपल्या घरच्या कार्यात आम्ही याची परतफेड नक्की करू.’

भावना चांगली आहे, आणि प्रत्येक वाक्य घात करते. पहिल्याच वाक्यात आकडा आला. नातू तो मोठ्याने वाचणार आणि सुनेला कळणार की सासूबाईंनी घरच्या आहेराशिवाय आणखी पाच हजार दिले. आत्याने वही टाळली ती नेमकी यासाठी. ‘गरज नव्हती’ म्हटल्याने तिने कष्टाने केलेले देणे अनाठायी ठरते. ‘आपल्या परिस्थितीत’ या दोन शब्दांनी तिची गरिबी तिच्याच घरात वाचून दाखवली जाते. ‘उपयोगी पडेल’ म्हणजे अजून काहीच झालेले नाही. ‘परतफेड’ हे तर तिला सर्वांत लागेल, कारण वहीतला आहेर फेडण्यासाठी असतो आणि मुठीत दिलेला पैसा फेडण्यासाठी नसतो. तो आत्याने भाच्याला दिलेला असतो. आणि वर ‘आदरणीय’, ‘आपण’, ‘आभारी आहोत’. लहानपणी उन्हाळाभर जिच्या घरी राहिला तिला भाचा आज सभेतल्या पाहुण्यासारखा बोलतो आहे.

अडचण खरी आहे. रुमालातल्या पैशांचा उल्लेख केला तर गुपित फुटते, नाही केला तर तिला वाटते की ह्याला कदरच नाही. सुटका अशी की पत्रात पैशांचा विषयच न काढता त्या पैशांतून आलेली वस्तू पत्रात आणायची, आणि घरच्या बाकीच्यांना पटेल असे तिचे कारणही तिथेच द्यायचे. दुसऱ्यांदा लिहिलेले पत्र असे झाले:

‘ती. स्व. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

हळदीच्या दिवशी तू एसटीतून उतरलीस आणि चहाही न घेता घाणा भरायला बसलीस. तू म्हटलेल्या ओव्या ताईने मोबाइलवर घेतल्यात. काल रात्री हिला ऐकवल्या. त्यातल्या दोन आजी म्हणायची, हे ऐकताना लक्षात आलं.

तुमच्या घरचा आहेर तुळजापूरच्या खर्चात धरला होता. मागच्या मंगळवारी दोघं जाऊन आलो. दर्शन चांगलं झालं. दादा-वहिनीला सांग, प्रसाद ठेवलाय, येताना आणतो.

खोलीवर पाण्याची टाकी बसवली. पाचशे लिटरची आहे, दोघांना पुरून उरते. पहिल्यांदा भरली तेव्हा तुझी फार आठवण आली. तुझ्या रांजणात मी उष्टा तांब्या बुडवायचो आणि तू पाठीत धपाटा घालायचीस. आता आमच्या घरातही पाण्याला कमी नाही.

दिवाळीला येतो. कारळाची चटणी करून ठेव.

तुझा भाचा’

टाकीच्या परिच्छेदाकडे नीट पाहा. नातवाला आणि सुनेला त्यात रांजणाची आठवण ऐकू येते, आणि आठवण खरी असल्याने त्यांना शंका येत नाही. आत्याला कळते की रुमालातले पैसे टाकीला लागले. ‘का आठवण आली ते तुला कळेल’ असे एक वाक्य घालायचा मोह इथे होतो. ते घालू नये. नातू लगेच विचारतो, “काय गं, काय कळेल?” गुपिताची सूचना दिली की गुपित राहत नाही. दिवाळीत भेट होईल तेव्हा तिच्या पाया पडून कानात दोन शब्द सांगता येतातच.

वहीतल्या १,००१ रुपयांचाही उल्लेख पत्रात आहे, आणि तोही आकड्याशिवाय. ‘तुमच्या घरचा आहेर’ म्हटल्याने मुलगा आणि सून दोघांनाही त्यांचे देणे पोहोचल्याचे समजते, आणि सगळे श्रेय आत्यालाच गेले असे होत नाही. तुळजापूरचा खर्च त्या रकमेहून नक्कीच जास्त झाला असेल. म्हणून ‘तुमच्या पैशांत जाऊन आलो’ असे न लिहिता ‘खर्चात धरला होता’ असे लिहिले. रक्कम लहान असली की असा शब्द शोधावा ज्यात ती मोठ्या कामाचा भाग होते. तिच्यावर सगळे काम लादले की ती आणखी लहान दिसते.

खाली नवरीने आपल्या हाताने चार ओळी घातल्या:

‘आत्याबाई, नमस्कार करते. त्या दिवशी मांडवात फोटोसाठी सगळे बोलवत होते, पण “जेवलीस का?” असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. ते मी आईलाही सांगितलं. दिवाळीला तुमच्याकडून चटणी शिकायचीय. तुमची सून.’

भाचा ‘तू’ म्हणतो, सून ‘तुम्ही’ म्हणते, आणि एकाच कागदावर दोन्ही शोभतात. दोघांच्या वतीने एकच ‘आम्ही’ लिहिले असते तर भाच्याची जवळीक गेली असती किंवा सुनेकडून आत्याबाईंचा मान राखायचा राहिला असता. नव्या सुनेने लिहिताना पैशांचा विषय अजिबात काढू नये असे मला वाटते. तिचे आणि आत्याबाईंचे नाते त्या दिवसापासून सुरू झाले आहे. ते तिने स्वतः पाहिलेल्या एखाद्या गोष्टीवरून पुढे न्यावे.

मायन्याबद्दल थोडे. शाळेत शिकवलेली रीत अशी की आईवडिलांना ‘तीर्थरूप’ आणि इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, म्हणजे ‘ती. स्व.’. ही रीत आजही गावाकडच्या थोरांना आवडते, कारण तेवढ्यावरून पोराला वळण आहे हे कळते. मायना जुन्या वळणाचा आणि आतला मजकूर घरच्या बोलीत, हे मराठी पत्रात पूर्वापार चालत आले आहे. मात्र विधवा आत्या-मावशीच्या नावामागे ‘गं. भा.’ लावायची सवय सोडावी. २०२३ मध्ये हाच शब्द विधवांसाठी सरकारी पातळीवर वापरण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा राज्यभरातून त्यावर टीका झाली, ती योग्यच होती. पाकिटावर साधे ‘श्रीमती’ पुरते, आत ‘ती. स्व. आत्या’. अशा आत्याला लिहिताना ‘देवीचे कुंकू आणले आहे’ असेही सहज लिहून जाते. ती लावत असेल तर अवश्य आणावे, पण घरात ते कसे घेतले जाते हे माहीत नसेल तर ‘प्रसाद’ लिहिणे बरे.

पत्र पाकिटात घालून पाठवावे, पोस्टकार्डावर नको. कार्ड वाटेत कोणीही वाचते, आणि आहेराचा उल्लेख असलेला मजकूर पारावर पोहोचू नये. व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर ज्याचे त्याला. घराण्याच्या ग्रुपवर ‘सर्व आप्तेष्टांचे मनःपूर्वक आभार’ टाकायला हरकत नाही, पण तिथे कोणा एकाचे नाव घेऊन ‘मोठ्या आहेराबद्दल’ असे लिहिले की उरलेल्या सगळ्यांना आपला आहेर लहान होता असे सांगितल्यासारखे होते. एकच मजकूर दहा जणांना पाठवण्याचाही असाच परिणाम होतो. चुलत बहिणी एकमेकींचे मोबाइल बघतात. दोघींना अक्षरशः तेच शब्द आलेले दिसले की त्या शब्दांची किंमत तिथेच संपते. दहा पत्रे लिहिणे जमणार नसेल तर पाच लिहावीत आणि उरलेल्यांना फोन करावा. ज्यांना लिहायचे त्यांत वहीतले सर्वांत मोठे आकडे नसले तरी चालेल. ज्यांनी वहीबाहेर दिले, जे लांबून आले आणि ज्यांनी येऊ न शकताही पाठवले, ते आधी.

मोठ्या रकमेसाठी एक वेगळा कागद लागू शकतो, आणि तो आभाराच्या पत्रात मिसळू नये. लग्नानिमित्त वराला किंवा वधूला मिळालेल्या भेटीवर आयकर लागत नाही, मग ती नातेवाइकाने दिलेली असो की मित्राने, आणि रक्कम कितीही असो. पण ही सवलत ज्याचे लग्न त्याला आहे. आईवडिलांच्या खात्यात आलेल्या पैशांना ती लागू होत नाही. मामाने बहिणीला दिलेले पैसे जवळच्या नात्यामुळे तरीही करमुक्त ठरतात. वडिलांच्या दोस्ताने वडिलांच्या खात्यात मोठी रक्कम टाकली तर मात्र प्रश्न येतो, म्हणून ती थेट मुलाच्या खात्यात घेतलेली बरी. तसेच २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका प्रसंगानिमित्त दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. म्हणून काकांनी फ्लॅटसाठी म्हणून लग्नात तीन लाख देऊ केले तर ते बँकेतूनच यावेत, आणि एका साध्या कागदावर देणाऱ्याचे नाव, नाते, रक्कम, तारीख आणि ‘लग्नानिमित्त भेट’ एवढे लिहून काकांची सही घ्यावी. आकडा तिथे हवा. काकांना जे पत्र जाईल त्यात त्या घराच्या चाव्या कधी मिळाल्या आणि पहिला चहा तिथे कोणी केला, हे असावे.

राहतो एक प्रसंग, जो हल्ली वाढला आहे. पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापलेले असते, टेबल-वही काहीच नसते, आणि तरी मोठे काका नवरदेवाच्या खिशात पाकीट घालून जातात. परत पाठवणे हा त्यांचा अपमान होतो. गप्प राहिले तर नातेवाइकांत चर्चा होते की घ्यायचेच होते तर छापले कशाला. इथे पत्रात पत्रिकेचा उल्लेख टाळू नये, उलट तिथूनच सुरुवात करावी: ‘काका, पत्रिकेत नको लिहिलं होतं तरी तुम्ही ऐकलं नाहीत. तुमच्यापुढे आमचं चालत नाही, हे बाबा म्हणतात ते खरं आहे. पाकीट तसंच देवापुढे ठेवलं होतं. आता त्यातून आजीच्या नावाने गावच्या शाळेला पुस्तकं दिली. त्यांतल्या पहिल्या पानाचा फोटो सोबत पाठवतोय.’ घेतलेही, आणि ठेवलेही नाही. काकांना राग येत नाही, आणि पुढच्या लग्नात पत्रिकेवरच्या त्या ओळीला थोडा अधिक मान मिळतो.